एकच प्रदर्शन, तीन मजकूर : परीक्षेत सूचना, निमंत्रण आणि निरोप कसा लिहावा

भाषेच्या प्रश्नपत्रिकेतील उपयोजित लेखनात सूचना, निमंत्रण आणि निरोप हे तीन प्रकार जवळजवळ ठेवलेले असतात आणि विद्यार्थी ते तीनही एकाच साच्यात लिहितात. चौकट काढली, वर शीर्षक दिले, खाली सही केली की उत्तर झाले असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात मांडणीपेक्षा आधीचा प्रश्न महत्त्वाचा असतो, तो म्हणजे हा मजकूर कोण वाचणार आहे आणि वाचल्यानंतर त्याला काय करायचे आहे. हे समजण्यासाठी एकच प्रसंग घेऊ आणि त्यावर तीनही मजकूर लिहून पाहू.

समजा, शाळेत शनिवार, १३ डिसेंबर २०२५ रोजी विज्ञान प्रदर्शन भरणार आहे. पहिला प्रश्न असा आहे : प्रतिकृती मांडू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी विद्यार्थी प्रतिनिधी या नात्याने सुमारे ५० शब्दांत सूचना लिहा. या प्रश्नाला नेहमी येणारे उत्तर काहीसे पुढीलप्रमाणे असते.

«सर्व विद्यार्थी मित्रमैत्रिणींना कळवण्यात अत्यंत आनंद होत आहे की, आजचे युग हे विज्ञानाचे युग असून विद्यार्थ्यांमध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन निर्माण व्हावा या उदात्त हेतूने आपल्या शाळेत लवकरच एका भव्य विज्ञान प्रदर्शनाचे आयोजन करण्यात येणार आहे. तरी इच्छुक विद्यार्थ्यांनी लवकरात लवकर आपली नावे द्यावीत व या सुवर्णसंधीचा लाभ घ्यावा.»

हे ४७ शब्द आहेत. शुद्धलेखनाची चूक नाही, वाक्येही व्याकरणशुद्ध आहेत, तरी फलकापाशी उभ्या असलेल्या मुलाला प्रदर्शन कधी आहे, कुठे आहे, नाव कोणाकडे आणि कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे, यांपैकी काहीच कळत नाही. शब्दमर्यादा पाळली म्हणजे लेखन संक्षिप्त झाले, हा समज इथे खोटा ठरतो.

म्हणून मजकूर लिहिण्याआधी कच्च्या कामाच्या जागेत वाचणाऱ्याच्या मनात येणारे प्रश्न सात-आठ शब्दांत टिपून ठेवावेत : कोणासाठी, काय, केव्हा, कुठे, काय करायचे, कधीपर्यंत, कोणाकडे. प्रश्नपत्रिकेत त्यांपैकी काही उत्तरे दिलेली असतात. ती जशीच्या तशी घ्यावीत. जी दिलेली नसतात ती स्वतः ठरवावीत, पण दिलेल्या माहितीशी ती जुळली पाहिजेत. सूचनेवर तुम्ही लिहिलेली तारीख, नाव देण्याची अखेरची तारीख आणि कार्यक्रमाची तारीख या तिन्ही त्याच क्रमाने पुढे सरकल्या पाहिजेत. सूचना १ डिसेंबरची आणि नावे २८ नोव्हेंबरपर्यंत द्यायची, असे उत्तर घाईत सहज लिहिले जाते आणि तपासणाऱ्याच्या ते पहिल्याच नजरेत दिसते. वाराचेही तसेच आहे. प्रश्नात वार दिला नसेल आणि तारखेवरून तो खात्रीने काढता येत नसेल, तर वार न लिहिणेच बरे.

आता तीच सूचना पुन्हा लिहू.

सूचना
दिनांक : २० नोव्हेंबर २०२५
विषय : विज्ञान प्रदर्शनासाठी नावनोंदणी

इयत्ता आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना कळवण्यात येते की, शनिवार, १३ डिसेंबर २०२५ रोजी सकाळी १० ते दुपारी २ या वेळेत शाळेच्या सभागृहात विज्ञान प्रदर्शन भरणार आहे. प्रतिकृती मांडू इच्छिणाऱ्यांनी आपले नाव, वर्ग व प्रतिकृतीचा विषय शुक्रवार, २८ नोव्हेंबरपर्यंत विज्ञान शिक्षकांकडे लेखी द्यावा. एका गटात जास्तीत जास्त तीन विद्यार्थी असावेत.

विद्यार्थी प्रतिनिधी

मुख्य मजकूर ४९ शब्दांचा आहे, म्हणजे आधीच्यापेक्षा दोनच शब्द जास्त, आणि टिपलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. ही जागा कुठून मिळाली ते पाहण्यासारखे आहे. विज्ञानयुग, उदात्त हेतू आणि सुवर्णसंधी गेली; «आयोजन करण्यात येणार आहे» या चार शब्दांचे काम «भरणार आहे» या दोन शब्दांनी केले; «लवकरच» आणि «लवकरात लवकर» यांच्या जागी तारखा आल्या. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडूनच लिहायची असतात, त्यामुळे «नोव्हेंबरपर्यंत» किंवा «शिक्षकांकडे» हा एकच शब्द मोजला जातो. हा भाषेने आपण होऊन दिलेला संक्षेप आहे. «शिक्षकां कडे» असे तोडून लिहिणारा विद्यार्थी शुद्धलेखनातही चुकतो आणि मर्यादेतला एक शब्दही वाया घालवतो.

वर सूचना देणाऱ्या शाळेचे नाव, मग शीर्षक, दिनांक, विषय, मजकूर आणि खाली सूचना देणाऱ्याचे पद, हा क्रम बहुतेक ठिकाणी चालतो. चौकट हवी की नको, दिनांक डावीकडे की उजवीकडे, याबाबत आपल्या परीक्षा मंडळाच्या नमुना उत्तराप्रमाणे जावे. स्वतःचे खरे नाव मात्र कुठेही लिहू नये. प्रश्नात दिलेले नाव, ते नसल्यास अ. ब. क. किंवा नुसते पद लिहावे.

दुसरा प्रश्न त्याच प्रदर्शनाच्या उद्घाटनाचे पालकांसाठी निमंत्रण लिहिण्याचा आहे. इथे वाचणारा बदलला, म्हणून माहितीही बदलते. नावनोंदणीची तारीख, गटातील संख्या आणि विज्ञान शिक्षक पालकांच्या कामाचे नाहीत. उद्घाटक कोण आणि कार्यक्रम किती वाजता सुरू होतो, हे त्यांना हवे असते.

सस्नेह निमंत्रण

सन्माननीय पालक,
आमच्या शाळेच्या विद्यार्थ्यांनी तयार केलेल्या प्रतिकृतींचे प्रदर्शन भरत असून त्याचे उद्घाटन (प्रश्नातील नाव) यांच्या हस्ते होणार आहे. या प्रसंगी आपण उपस्थित राहावे, ही नम्र विनंती.

दिनांक : शनिवार, १३ डिसेंबर २०२५
वेळ : सकाळी १०
स्थळ : शाळेचे सभागृह

आपले नम्र,
मुख्याध्यापिका, शिक्षक व विद्यार्थी

यातील एका शब्दाकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. सूचनेत «आपल्या शाळेत» असे लिहिले तर चालते, कारण लिहिणारा आणि वाचणारा दोघेही त्याच शाळेचे असतात. निमंत्रणात मात्र «आमच्या शाळेत» असेच हवे. मराठीत «आपण» हा शब्द आदराने समोरच्यालाही म्हटला जातो. तेव्हा बाहेरच्या पाहुण्याला «आपल्या शाळेत आपण यावे» असे लिहिले, तर शाळा नेमकी कोणाची हा घोटाळा होतो. पालकांच्या बाबतीत तो चालूनही जाईल, पण पाहुणे दुसऱ्या शाळेचे मुख्याध्यापक असतील तर अर्थच उलटतो. म्हणून निमंत्रणात बोलावणारा «आम्ही» आणि येणारा «आपण», ही वाटणी शेवटपर्यंत पाळावी.

क्रियापदाचेही असेच आहे. सूचनेत «लेखी द्यावा» ही आज्ञा असते आणि निमंत्रणात «उपस्थित राहावे» हे आर्जव असते, तरी दोन्हींचे रूप एकच आहे. फरक करतो तो पुढचा «ही नम्र विनंती» एवढाच तुकडा, त्यामुळे निमंत्रणात त्याला कात्री लावू नये. उलट «शुभहस्ते», «करकमलांनी», «मा. श्री. ... साहेब» अशी आदराची एकावर एक थर देणारी शब्दरचना खुशाल कापावी, «यांच्या हस्ते» यात आदर पुरेसा आहे. प्रश्नात उद्घाटक, अध्यक्ष आणि प्रमुख पाहुणे अशी वेगवेगळी नावे दिली असतील, तर प्रत्येकाचे पद त्याच्याच नावाला लागले आहे ना, हे पुन्हा पाहावे. उद्घाटन एखाद्याच्या हस्ते होते, पण कार्यक्रम अध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली होतो. दिनांक, वेळ आणि स्थळ वेगळ्या ओळींत दिल्यास ती पुन्हा वाक्यात लिहू नयेत.

तिसरा प्रकार निरोपाचा, आणि तिघांत सर्वांत फसवा. प्रश्नात बहुधा एक संभाषण दिलेले असते. ते असे आहे, असे धरू. गुरुवार, ११ डिसेंबर, दुपारचे सव्वाबारा वाजले आहेत.

«नमस्कार, मी उद्घाटकांची साहाय्यक बोलते आहे. मुख्याध्यापिका आहेत का?»
«बाई वर्गावर आहेत. मी विद्यार्थी प्रतिनिधी बोलतो आहे, त्यांना निरोप देतो.»
«बरं. परवाच्या कार्यक्रमाला आमचे सर दहाऐवजी साडेदहाला पोहोचतील. त्यांना पडदा आणि प्रोजेक्टर लागेल. आज चारच्या आत बाईंना मला फोन करायला सांग. माझा नंबर त्यांच्याकडे आहे.»

इथे संभाषण लिहायचे नसते. त्यातली बातमी उचलून ती वाचणाऱ्याच्या बाजूने फिरवायची असते. «मी», «आमचे सर» आणि «मला» हे बोलणाऱ्याचे शब्द आहेत, ते सगळे बदलतात. पण खरी अडचण «परवा» या शब्दाची आहे. मराठीत «परवा» म्हणजे उद्यानंतरचा दिवसही होतो आणि कालच्या आधीचा दिवसही. शिवाय बाईंनी चिठ्ठी दुसऱ्या दिवशी वाचली, तर तो शब्द एक दिवस पुढे सरकतो. म्हणून «उद्या» आणि «परवा» यांच्या जागी तारीख लिहावी. «आज» ठेवायला हरकत नाही, कारण चिठ्ठीच्या माथ्यावर दिनांक आणि वेळ असते. म्हणूनच निरोपात वेळ लिहिणे सूचनेपेक्षाही जास्त गरजेचे आहे.

दिनांक : ११ डिसेंबर २०२५
वेळ : दुपारी १२.१५

आदरणीय बाई,
उद्घाटकांच्या साहाय्यकांचा फोन आला होता. शनिवार, १३ डिसेंबरच्या कार्यक्रमास उद्घाटक सकाळी १० ऐवजी १०.३० वाजता पोहोचतील. त्यांना पडदा व प्रोजेक्टर लागणार आहे. कृपया आज दुपारी ४ पूर्वी साहाय्यकांना फोन करावा. त्यांचा क्रमांक आपल्याकडे आहे.

विद्यार्थी प्रतिनिधी

३४ शब्दांत काम झाले. दुसऱ्या वाक्यात «उद्घाटक» हा शब्द पुन्हा आला आहे, तो निष्काळजीपणाने नाही. तिथे «ते» लिहिले असते तर उद्घाटक उशिरा येणार की साहाय्यक, हे कळले नसते. आधीच्या वाक्यात दोन व्यक्ती असतील तेव्हा सर्वनामाने वाचवलेला शब्द महागात पडतो. संभाषणातला नमस्कार, «बाई वर्गावर आहेत» आणि «त्यांना निरोप देतो» हे गाळले, कारण ते बाईंना कळवण्यासारखे नाही. आणखी एक मोह टाळावा : संभाषणात नसलेली माहिती, उदाहरणार्थ गाडी वाटेत बंद पडल्यामुळे उशीर होणार आहे, असे कारण स्वतःहून घालू नये. सूचनेत सुटलेला तपशील कल्पनेने भरावा लागतो, निरोपात तसे केले तर निरोपच खोटा होतो.