बॅग आली नाही, तर तक्रारपत्रात या चुका टाळा

आमच्या शेजारच्या वहिनी ५ मे रोजी दुबईहून थेट गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरल्या. त्या आल्या, पण त्यांची बॅग आली नाही. तीन दिवसांनी त्यांनी विमान कंपनीला पाठवायचे पत्र मला दाखवले:

«तुमच्या बेजबाबदार कंपनीमुळे माझी बॅग हरवली गेली आहे. आपल्या कर्मचाऱ्याने आपल्या बॅगचा काहीच पत्ता सांगितला नाही. माझे अतोनात हाल झाले आहे. कृपया करून ताबडतोब बॅग शोधून पाठवावे, नाहीतर कोर्टात खेचीन. ५ लाख भरपाई पाहिजे.»

राग खरा होता. पण हे पत्र वाचणाऱ्याला उतरल्याची तारीख कळत नाही, तक्रार क्रमांकही मिळत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे «हरवली» हा शब्द. आंतरराष्ट्रीय प्रवासाला लागू असलेल्या १९९९च्या माँट्रियल करारानुसार कंपनीने बॅग हरवल्याचे कबूल केले, किंवा बॅग यायला हवी होती त्या दिवसापासून २१ दिवस उलटले, की मगच बॅग हरवली म्हणून दावा करता येतो. तोवर तिला फक्त उशीर झालेला असतो. वहिनींच्या बाबतीत ही मुदत २६ मेची. म्हणून ८ मे रोजी मागायचे ते बॅगेचा ठावठिकाणा आणि बॅग नसल्यामुळे कराव्या लागलेल्या खरेदीचे पैसे. बॅगेची पूर्ण किंमत आत्ताच मागितली, तर कंपनी «शोध चालू आहे» एवढेच कळवून मोकळी होते.

बॅग उशिराने मिळाली तरी ती हातात पडल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार जावी लागते. समजा ती १२ मे रोजी मिळाली, तर शेवटची तारीख २ जून. फुटलेली मिळाली, तर मुदत अवघी ७ दिवसांची. विमानतळावर तक्रार नोंदवल्यावर मिळालेला कागद, म्हणजे पीआयआर, हातात आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नये. खर्चाची मागणी स्वतंत्रपणे लेखी करावी. पीआयआर क्रमांकाची पहिली तीन अक्षरे विमानतळाची असतात: मोपासाठी GOX, दाबोळीसाठी GOI. पुढे कंपनीची दोन अक्षरे आणि पाच आकडे. तो पूर्ण क्रमांक विषयातच लिहावा.

आता भाषा. «आपल्या कर्मचाऱ्याने आपल्या बॅगचा» या वाक्यात बॅग कोणाची? मराठीत «आपला» हा शब्द तुमचाही होतो आणि आपल्या दोघांचाही. कंपनीसाठी एकदा «आपण» ठरवले, की मध्येच «तुम्ही» नको, आणि स्वतःच्या वस्तूसाठी «माझी»च लिहावे. «हरवली गेली» नको; मुदतीनंतर लिहायचे झाले, तर नुसते «हरवली» पुरते. «बॅगचा» नव्हे, «बॅगेचा». हाल झाले «आहेत». बॅग स्त्रीलिंगी, म्हणून «पाठवावी». आणि «कृपया करून» म्हणजे दोनदा कृपा; «कृपया» किंवा «कृपा करून», यांपैकी एकच.

५ लाखांचा आकडाही पत्रातून काढून टाकला. करारातली मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रत्येक प्रवाशामागे १,५१९ एसडीआर आहे; एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक. ही रक्कम रुपयांत दीड लाखाच्या वर, पण ५ लाखांपासून बरीच दूर. (केवळ देशांतर्गत तिकिटावर ती २०,००० रुपये आहे, हे बेंगळूरू-गोवा करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.) आणि ही मर्यादा आहे, ठरलेली रक्कम नव्हे. वस्तूंची यादी आणि पावत्या जोडाव्याच लागतात.

शेवटी पत्र असे झाले:

«विषय: ५ मे रोजी मोपा येथे न मिळालेली बॅग, पीआयआर क्रमांक …

महोदय,
५ मे रोजी मी आपल्या विमानाने दुबईहून मोपाला आले. माझी करड्या रंगाची बॅग (वजन २१ किलो, टॅग क्रमांक …) मला मिळाली नाही. विमानतळ सोडण्यापूर्वी मी तक्रार नोंदवली. तिची प्रत सोबत आहे. तीन दिवसांत मला काहीही कळवण्यात आलेले नाही.
दरम्यान कपडे व औषधे यांवर माझे ६,४२० रुपये खर्च झाले. पावत्या जोडल्या आहेत. कृपया १५ मेपर्यंत बॅगेचा ठावठिकाणा लेखी कळवावा आणि हा खर्च भरून द्यावा. २६ मेपर्यंत बॅग न मिळाल्यास ती हरवली असे धरून मी वस्तूंच्या यादीसह दावा सादर करीन. आपले उत्तर न आल्यास मला एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर आणि त्यानंतर ग्राहक आयोगाकडे तक्रार करावी लागेल.»

वहिनींना हे जरा मवाळ वाटले. «खेचीन» कुठे गेले, असे त्यांनी विचारले. मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. पहिल्या पत्रात कोर्ट होते, पण तारीख नव्हती. आताच्या पत्रात १५ मे ही तारीख आहे, आणि त्या दिवशी काय करायचे ते वहिनींनाही ठाऊक आहे.