नवीन घरासाठी जोडप्याला ड्रिल मशीन गिफ्ट देताय? या चुका टाळा

वास्तुशांतीला घड्याळं, गणपतीच्या फ्रेमा, आरसे ढिगाने येतात आणि ते लावायला घरात काहीच नसतं, मग महिना महिना सगळं पलंगाखाली पडून राहतं. म्हणून आमच्या ओळखीच्या जोडप्याने सांगलीत विश्रामबागला फ्लॅट घेतला तेव्हा आम्ही दोघांनी मिळून त्यांना ड्रिल मशीन दिलं. पण आधी विचारा, घर स्वतःचंच आहे ना? भाड्याचं असेल आणि मालक खिळासुद्धा मारू देत नसेल तर दुसरं काहीतरी बघा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे छान दिसतं म्हणून छोटं बॅटरीवालं स्क्रू ड्रायव्हर टाइप मशीन घेणं. त्याने फर्निचर जोडता येतं, पण काँक्रीटच्या बीममध्ये ते जागचं हलत नाही. प्लगवर चालणारं, साधारण ६०० वॅटचं, हॅमर म्हणजे फिरता फिरता ठोके मारायची सोय बंद-चालू करता येणारं इम्पॅक्ट ड्रिल घ्या. आणि दुकानात ते नुसतं बघू नका, वहिनींच्या उंचीची, साधारण तेवढ्याच ताकदीची बाई सोबत असेल तर तिला एका मिनिटासाठी खांद्याच्या वर धरायला लावा, हात थरथरला तर हलकं मॉडेल बघा, नाहीतर मशीन एकट्या नवऱ्याचंच होऊन बसतं.

नुसतं मशीन देऊ नका. ६ आणि ८ एमएमचे भिंतीचे बिट, टाइल्सचा वेगळा बिट, त्याच मापाच्या गिट्ट्या आणि स्क्रू डब्यात घाला. ६ च्या गिट्टीला ६ चाच बिट लागतो, ८ ने भोक पाडलं की गिट्टी गरागरा फिरते.

आता वापरताना काय चुकतं ते. त्यांचा पहिलाच फोन आला की स्क्रू भिंतीत पकडतच नाही, ढिला राहतो. आम्ही विचारलं, भुकटी कसली पडली? सुरुवातीला गिलाव्याची राखाडी पडतेच, त्यानंतरची बघायची. लाल असेल तर वीट, कडक राखाडी आणि बिट पुढेच सरकेना तर काँक्रीट. त्यांच्याकडे फिकट, हलकी, पिठासारखी पडत होती, म्हणजे एएसी ब्लॉक, सिमेंटच्या हलक्या सच्छिद्र विटा, आणि हॅमर चालू असल्यामुळे भोक आतून मोठं झालेलं. थोडं बाजूला हॅमर बंद ठेवून नवीन भोक पाडलं, एएसीसाठी मिळणारी लांब नायलॉनची गिट्टी घातली आणि आरसा घट्ट बसला. टाइल्सवरही हॅमर बंदच, चिकटपट्टी लावून हळू सुरुवात करायची, घाई केली की टाइल तडकते.

एक गोष्ट मात्र दोघांनाही समोर बसवून सांगाच, स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली आणि नळाच्या सरळ रेषेत भोक पाडायचं नाही, वायर आणि पाइप बहुतेक तिथूनच गेलेले असतात. एकाने मशीन धरायचं, दुसऱ्याने खाली उघडं पाकीट चिकटवून भुकटी झेलायची, दोघांनी डोळ्यांना चष्मा लावायचा, तो पण डब्यात दोन घाला.