n = 1.20 आला, आणि अण्णांनी विचारलं, “अर्धी उष्णता गेली कुठं?”

डिप्लोमा झाल्यावर मी कुपवाड एमआयडीसीत कॉम्प्रेसर दुरुस्तीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लागलो. पॉलिट्रॉपिक प्रक्रियेची गणितं सांगलीतल्या कॉलेजात भरपूर सोडवली होती. PV^n = स्थिर हे सूत्र पाठ होतं, उत्तरंही बरोबर यायची. पण n हा आकडा नेमकं काय सांगतो, ते कळलं पहिल्या महिन्यात, एका चुकीच्या रिपोर्टमुळे. मेकॅनिकलला नवीन असलेल्यांनी किंवा आत्ता थर्मोडायनॅमिक्स शिकणाऱ्यांनी ती चूक करू नये, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

मशीन साधं होतं. एका सिलिंडरचा, फिनवर हवेने थंड होणारा कॉम्प्रेसर, 900 आरपीएमवर चालणारा. दुरुस्तीनंतर चाचणी घेऊन n काढायचं काम माझ्याकडे आलं. आत येणारी हवा 27 अंश सेल्सिअस, बाहेर जाताना गेजवर 7 बार. थर्मोकपल लावायला डिलिव्हरी पाइपवर आधीच एक सॉकेट होतं. तिथे 150 अंश दिसले. दाब आणि तापमान हाताशी असलं की n असा काढतात:

```
n/(n − 1) = ln(P2/P1) / ln(T2/T1)
```

गेजच्या 7 बारमध्ये वातावरणाचा दाब मिळवला. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच आहे, त्यामुळे इथे तो 1 बारपेक्षा थोडा कमीच असतो, पण हिशोब सोपा राहावा म्हणून 1 बार धरू. म्हणजे P1 = 1, P2 = 8. तापमान केल्विनमध्ये 300 आणि 423. भागाकार 6.05 आला, n निघाला 1.20. मी खुशीत लिहून टाकलं की कूलिंग उत्तम आहे.

अण्णा आमच्याकडचे सगळ्यात जुने फिटर. कागद हातात घेऊन त्यांनी एकच विचारलं, “अरं, अर्धी उष्णता गेली कुठं? आणि गेली कधी?”

मला प्रश्नच कळला नाही. तो कळायला n कडे जरा वेगळ्या नजरेने बघावं लागतं.

वायू दाबताना त्याच्यावर केलेलं काम असं असतं:

```
W = (P2·V2 − P1·V1) / (n − 1)
```

या कामाचं पुढे काय होतं? काही भाग वायूत राहून त्याचं तापमान वाढवतो, उरलेला सिलिंडरच्या भिंतीतून उष्णता होऊन बाहेर जातो. आदर्श वायूसाठी बाहेर गेलेल्या उष्णतेचं कामाशी प्रमाण फार साधं निघतं:

```
Q/W = (γ − n) / (γ − 1)
```

γ म्हणजे वायूच्या स्थिर दाबाच्या आणि स्थिर आकारमानाच्या विशिष्ट उष्णतांचं गुणोत्तर, हवेसाठी 1.4. आता n = 1.4 घाला. वरचा भाग शून्य, म्हणजे काहीच बाहेर गेलं नाही. हीच अ‍ॅडिअबॅटिक हद्द. n = 1 घाला, प्रमाण 1 येतं. जेवढं काम केलं तेवढी सगळी उष्णता बाहेर गेली, तापमान वाढलंच नाही. ही आयसोथर्मल हद्द. या दोन टोकांमध्ये n सरळ रेषेत सरकतो: 1.3 म्हणजे पाव भाग बाहेर, 1.2 म्हणजे निम्मा. कॉलेजात आयसोथर्मल, अ‍ॅडिअबॅटिक आणि पॉलिट्रॉपिक ही तीन वेगळी प्रकरणं म्हणून शिकलो होतो, पण हे एकच प्रकरण आहे. n म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आपण कुठे उभे आहोत त्याची खूण.

अण्णांचा प्रश्न आता बघा. 900 आरपीएम म्हणजे एका फेऱ्याला सेकंदाचा पंधरावा भाग, आणि पिस्टन वर चढायला त्याच्या निम्मा, म्हणजे सेकंदाचा तिसावा भाग. एवढ्या वेळात निम्म्या कामाइतकी उष्णता हवेतून बीडाच्या भिंतीत जाणार, तेही पाण्याचं जॅकेट नसताना? न पटणारी गोष्ट होती. माझं सूत्र बरोबर होतं, गणित बरोबर होतं, पण तापमान चुकीच्या जागी मोजलं होतं. ते सॉकेट व्हॉल्व्हपासून हातभर लांब होतं. सिलिंडरमधून निघालेली हवा उघड्या पाइपमध्ये थंड होत होती, आणि पाइपचं ते कूलिंग मी सिलिंडरच्या नावावर जमा केलं होतं.

दुसऱ्या दिवशी थर्मोकपल डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या अगदी तोंडाशी बसवलं. मशीन तापेपर्यंत थांबलो, आकडा स्थिर झाला 212 अंशांवर. T2 = 485 केल्विन, भागाकार 4.33, n = 1.30. पाव भाग. अण्णा म्हणाले, “हे जरा चालतंय. तिथंबी थोडं कमीच दावतंय, पण चालतंय.”

या हिशोबात आणखी दोन चुका नेहमी होतात, आणि त्या ओळखता येतात. तापमान सेल्सिअसमध्येच ठेवलं, म्हणजे 212 भागिले 27 केलं, तर n शंभराच्या पुढे जातो. ही चूक स्वतःच ओरडून सांगते. गेजचा दाब तसाच वापरला तर मात्र n = 1.33 येतो, आणि तो अगदी खरा वाटतो. ही जास्त धोक्याची, कारण आकड्याकडे बघून ती सापडत नाही, वहीत P2 शेजारी काय लिहिलंय ते बघावं लागतं. n 1.4 च्या वर आला आणि मोजमाप तपासून झालं असेल, तर डिलिव्हरी व्हॉल्व्ह गळतोय का ते उघडून बघा. गळणाऱ्या व्हॉल्व्हमधून गरम हवा परत सिलिंडरमध्ये येते आणि पुन्हा दाबली जाते, म्हणून तापमान हिशोबाबाहेर चढतं.

आता कामाच्या सूत्राकडे येतो, कारण माझा तिथेही गोंधळ झाला होता. n = 1 घातला की खाली शून्य येतं. आम्हाला वर्गात सांगितलं होतं की तिथे वेगळं सूत्र वापरा, P1·V1·ln(V1/V2). पण वेगळं का? खरं तर ते वेगळं नाहीच. n जसा 1 कडे जातो तसा P2·V2 सुद्धा P1·V1 कडे जातो, त्यामुळे वर आणि खाली दोन्हीकडे शून्य जवळ येतं आणि भागाकार एका ठरावीक आकड्यावर जाऊन टेकतो. हे मी एका संध्याकाळी कॅल्क्युलेटर घेऊन करून बघितलं. एक घनमीटर हवा 1 बारवरून 8 बारला दाबायची. n = 1.1 ला काम 208.09 किलोज्यूल, 1.01 ला 208.02, 1.001 ला 207.95. आणि लॉगच्या सूत्राने 100 × ln 8 = 207.94. हे स्वतः करून बघा, दहा मिनिटं लागतात.

फक्त एक सांभाळा. n एकच्या अगदी जवळ असताना मधल्या पायरीला आकडे कापू नका. 1.01 साठी V2 येतो 0.1276. तो 0.128 असा लिहिलात तर काम 208 ऐवजी 240 येतं. दोन जवळजवळ सारख्या आकड्यांची वजाबाकी करून तिला 0.01 ने भागायचं असतं, त्यामुळे बारीकशी चूक शंभरपट होते.

याच हिशोबात मला धक्का बसला तो पुढच्या पायरीला. n वाढवत गेलो: 1.2 ला काम 207, 1.3 ला 205, 1.4 ला 203 किलोज्यूल. म्हणजे अ‍ॅडिअबॅटिकला सगळ्यात कमी? आणि आपण तर कॉम्प्रेसर थंड ठेवायला फिन लावतो, पाणी फिरवतो, काम वाचावं म्हणून! दोन दिवस वाटत होतं की माझंच काहीतरी चुकतंय.

चुकत काहीच नव्हतं. हे सूत्र फक्त बंद सिलिंडरमधल्या दाबण्याचं काम देतं. अ‍ॅडिअबॅटिक वाटेवर हवा गरम होते, म्हणून 8 बार लवकर गाठते. तेव्हा तिचं आकारमान अजून 0.226 घनमीटर असतं. आयसोथर्मल वाटेवर 0.125 पर्यंत दाबत न्यावं लागतं. कमी दाबायचं, म्हणून काम थोडं कमी. पण कॉम्प्रेसर तिथे थांबत नाही. ती 0.226 घनमीटर हवा 8 बारच्या विरुद्ध बाहेर ढकलायची असते, आणि जास्त आकारमान ढकलायला जास्त काम लागतं. आत येणारी हवा पिस्टनवर जे काम करते ते वजा करून पूर्ण फेऱ्याचा हिशोब मांडला की तो वरच्या कामाच्या बरोबर n पट निघतो.

आता बघा: 1.4 ला 1.4 × 203, म्हणजे 284 किलोज्यूल. 1.3 ला 267, 1.2 ला 249. आणि आयसोथर्मलला n = 1, म्हणून 208 चे 208च. क्रम उलटला. फिन आणि पाणी कशासाठी, ते या दुसऱ्या हिशोबात दिसतं. परीक्षेत किंवा मुलाखतीत “कुठल्या वाटेला काम कमी?” असं विचारलं तर आधी विचारा, बंद सिलिंडर की चालू कॉम्प्रेसर, आणि शेवटचा दाब सारखा धरायचा की आकारमान. आकारमान सारखं धरलं तर बंद सिलिंडरमध्येही अ‍ॅडिअबॅटिकला जास्त काम लागतं: एक घनमीटरचा पाचवा भाग करायला आयसोथर्मलने 161 किलोज्यूल, अ‍ॅडिअबॅटिकने 226.

एक मर्यादा सांगितली पाहिजे. आपण एका स्ट्रोकसाठी एकच n लिहितो, पण आत तो बदलत असतो. स्ट्रोकच्या सुरुवातीला तापलेली भिंत हवेपेक्षा गरम असते, म्हणून उष्णता उलट हवेत शिरते आणि तेवढ्यापुरता n 1.4 च्या वर जातो. मध्येच कुठेतरी हवा भिंतीपेक्षा गरम होते, मग उष्णता बाहेर जायला लागते आणि n खाली येतो. हे बघायचं असेल तर इंडिकेटर आकृतीवरचे दाब आणि आकारमान दोन्ही लॉगमध्ये घेऊन आलेख काढा. n खरंच स्थिर असता तर सरळ रेघ आली असती आणि तिचा उतार −n. प्रत्यक्षात ती किंचित वाकलेली येते. सुरुवातीचं आणि शेवटचं टोक धरून काढलेला n ही त्या वाकड्या रेघेची सरासरी असते.

म्हणून मी आता n दोन दशांशांपर्यंत लिहीत नाही. त्या मशीनच्या फाइलमध्ये नोंद आहे ती अशी: n सुमारे 1.3, थर्मोकपल व्हॉल्व्हच्या तोंडाशी, दाब निरपेक्ष. पहिला कागद अण्णांनी फाडू दिला नाही. तो मागे पिन करून ठेवलाय, 1.20 वर लाल पेनाने गोल करून.