हृदयाचं आकसलेलं आवरण की ताठर स्नायू? इको आणि कॅथ वाचताना या चुका टाळा

उदाहरणासाठी एक रुग्ण घेऊ. आकडे समजावण्यापुरते बसवलेले आहेत. कळव्याचे गृहस्थ, वय 44, रबाळ्याच्या कारखान्यात फिटर. काही वर्षांपूर्वी छातीत टीबीचं पाणी झालं होतं, औषधांचा कोर्स पूर्ण केला. आता वर्षभर पोट फुगतंय. "डॉक्टर, पँटचं बटण लागत नाही, पण पाय बघा, तेवढे सुजलेले नाहीत." दारूला हात न लावणारा हा माणूस लिव्हरचा पेशंट म्हणून फिरत राहिला. मानेची शीर फुगलेली आहे आणि श्वास आत घेताना ती खाली बसण्याऐवजी आणखी भरते, हे कुणी पाहिलंच नाही. लिव्हरच्या आजारात मानेची शीर सहसा अशी फुगत नाही.

ठाण्यात इको झाला. रिपोर्ट असा: पंपिंग 60 टक्के, झडपा ठीक, ग्रेड 3 डायस्टोलिक डिसफंक्शन, रिस्ट्रिक्टिव्ह पॅटर्न. खाली निदान, रिस्ट्रिक्टिव्ह कार्डिओमायोपॅथी, म्हणजे हृदयाचा स्नायूच ताठर.

पॅटर्नच्या नावावरून आजार ठरवणं

गोंधळ बहुतेक वेळा इथेच सुरू होतो. मायट्रल झडपेतून रक्त सुरुवातीला जोरात आत येतं आणि लगेच थांबतं, म्हणजे ई लाट उंच, ए लाट बुटकी आणि उतार खडा. याला रिस्ट्रिक्टिव्ह फिलिंग म्हणतात. पण हे झालं भरण्याच्या पद्धतीचं वर्णन. हृदयाचा स्नायूच ताठ असला तरी रक्त असंच येतं, आणि स्नायू चांगला असून बाहेरचं आवरण, म्हणजे पेरिकार्डियम, आकसलं असलं तरी असंच येतं. दुसऱ्या आजाराला ऑपरेशन आहे, पहिल्याला ते लागू नाही. म्हणून रिपोर्टात पॅटर्न जरूर लिहा, निदान मात्र पुढचं बघून लिहा.

पुढचं म्हणजे आधी टिश्यू डॉपलर. ताठर स्नायू लांबीच्या दिशेनेही नीट सैल होत नाही, त्यामुळे मायट्रल कड्याचा ई प्राइम कमी येतो. आवरणाच्या आजारात स्नायू शाबूत असतो. बाजूने पसरायला जागा नसल्याने हृदय खालीवर जास्त हलतं आणि सेप्टमकडचा, म्हणजे मेडिअल ई प्राइम चांगला राहतो. सेकंदाला 9 सेंटिमीटर किंवा जास्त असेल तर आवरणाचा संशय बळावतो. आपल्या फिटरचा मेडिअल 13 आहे, लॅटरल 9. निरोगी माणसात लॅटरल जास्त असतो. इथे बाजूची भिंत आवरणाला चिकटल्याने क्रम उलटला. दोन्हींची सरासरी काढून 11 लिहिलं की ही उलटापालट रिपोर्टातून गायब होते. तसं करू नका.

इथेच आणखी एक फसगत आहे. त्यांची ई लाट 84, भागिले 13, म्हणजे साधारण साडेसहा. नेहमीच्या नियमाने हृदयातला दाब नॉर्मल म्हणावा लागेल. पण आयव्हीसी तुडुंब भरलेली आहे आणि श्वासाबरोबर जराही मिटत नाही. आवरणाच्या आजारात हे गुणोत्तर दाबाबद्दल उलटीच ग्वाही देऊ शकतं, तेव्हा त्यावर विसंबू नका.

"श्वास रोखून धरा"

चित्र स्वच्छ यावं म्हणून इको टेबलावर हे वाक्य दिवसभर चालतं. या रुग्णात तेच नडतं, कारण सगळा पुरावा श्वासात आहे. फुप्फुसातल्या शिरा आवरणाबाहेर, छातीत असतात. श्वास आत घेतला की त्यांच्यातला दाब उतरतो, पण कडक कवचातल्या डाव्या कप्प्यांपर्यंत तो उतार पोचत नाही. डावीकडे रक्त ढकलणारा फरक कमी होतो आणि डावं वेंट्रिकल कमी भरतं. कवचात एकूण जागा ठरलेली, म्हणून डावीकडची मोकळीक उजवं घेतं आणि सेप्टम डावीकडे सरकतो. श्वास सोडताना नेमकं उलट.

म्हणून रुग्णाला साधा श्वास घेऊ द्या, रेस्पिरोमीटर लावा आणि स्वीप स्पीड कमी करा, म्हणजे एका पडद्यावर दोन-तीन श्वास मावतील. खोल श्वास घ्यायला लावू नका. तसा तर निरोगी माणसातही फरक दिसतो. आपल्या रुग्णात ई लाट श्वास सोडताना 84, घेताना 60, म्हणजे सुमारे 29 टक्के घट. 25 टक्क्यांच्या पुढे गेलं की लक्ष द्यायचं. तरी एवढ्यावर शिक्का नको. दम्याच्या किंवा जुन्या विडीबाजाच्या फुप्फुसातही हा फरक येतो, पण तिथे एसव्हीसीचा प्रवाह श्वासाबरोबर खूप बदलतो. आवरणाच्या आजारात तो फारसा हलत नाही.

मला स्वतःला हिपॅटिक व्हेनचा डॉपलर जास्त भरवशाचा वाटतो, आणि नेमका तोच घाईत राहून जातो. श्वास सोडताना उजव्या बाजूची जागा आक्रसते आणि डायस्टोलमध्ये रक्त लिव्हरकडे परत फेकलं जातं. ताठर स्नायूत ही परतफेक श्वास आत घेताना वाढते.

कोरड्या रुग्णाचा कॅथ

कॅथ लॅबमध्ये "सगळे दाब सारखे, स्क्वेअर रूट साइन" एवढं दिसलं की निदान झालं, असं मानायची सवय जुनी आहे. दोन्ही गोष्टी ताठर स्नायूतही दिसू शकतात. शिवाय नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर ट्रेसिंग थरथरतं आणि स्क्वेअर रूटसारखा खोटा खड्डा उमटतो. फ्लश करा, दोन्ही ट्रान्सड्यूसर छातीच्या मध्याच्या उंचीला ठेवून एकत्र झिरो करा, मगच वाचा.

उलट बाजूची चूकही होते. आपले गृहस्थ जोरदार डाययुरेटिकवर होते. पहिल्या ट्रेसिंगमध्ये उजव्या एट्रियमचा दाब 9, आरव्हीचा डायस्टोलच्या शेवटचा 10, एलव्हीचा 14. काहीच खास नाही. सलाइन दिल्यावर तेच 17, 19 आणि 20 झाले. पाणी कमी असलं की हा आजार लपतो.

तरीही निकाल लागतो तो दोन्ही वेंट्रिकलमध्ये एकाच वेळी कॅथेटर ठेवून, श्वासाबरोबर. श्वास आत घेताना एलव्हीचा वरचा दाब 116 वरून 104 वर आला, आरव्हीचा 40 वरून 47 वर गेला. एक खाली, एक वर. ताठर स्नायूत दोघं एकाच दिशेने हलतात. नुसत्या शिखरांऐवजी लाटांखालचं क्षेत्रफळ मोजणं अधिक चांगलं: आरव्ही भागिले एलव्ही, श्वास घेताना 0.42 आणि सोडताना 0.31. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की 1.35; सीमारेषा 1.1 ची. एट्रियल फिब्रिलेशन असेल तर ठोके मुळातच लहानमोठे असल्याने लांब रेकॉर्डिंग घ्या किंवा तात्पुरतं पेसिंग करून ठोके सारखे करा, नाहीतर ही गणितं फसतात.

सीटीवर आवरण जाड नाही म्हणून फाइल बंद करणं

4 मिलिमीटरपेक्षा जाड आवरण मदतीचं आहे. पण मेयो क्लिनिकच्या 2003 मधल्या मालिकेत ऑपरेशनने निदान सिद्ध झालेल्या रुग्णांपैकी 18 टक्क्यांत आवरणाची जाडी नॉर्मल होती. दाबांचा पुरावा पक्का असेल तर पातळ आवरणामुळे निदान खोडू नका. छातीला रेडिएशन झालेल्यांत मात्र आवरण आणि स्नायू दोन्ही खराब असू शकतात. अशा वेळी ई प्राइम कमी आणि श्वासाचा फरक जास्त असं मिश्र चित्र येतं, आणि आवरण काढूनही फायदा कमी मिळतो.

निदान पक्कं झालं की लगेच सर्जनकडे पाठवण्याआधी सीआरपी आणि गॅडोलिनियमसह एमआरआय करून घ्या. आवरण अजून सुजलेलं, पेटलेलं असेल तर सूज उतरवणाऱ्या औषधांनी दोन-तीन महिन्यांत कडकपणा निवळू शकतो. टीबी चालू असेल तर त्याची औषधं सोबत हवीतच. आपल्या फिटरचा सीआरपी नॉर्मल, एमआरआयमध्ये आवरण चमकत नाही आणि सीटीवर कॅल्शियमचे ठिपके; त्यांच्यासाठी थांबून उपयोग नाही, आवरण काढण्याचं ऑपरेशन, म्हणजे पेरिकार्डिएक्टमीच.