दोन तापमानांचे दोन वक्र काढण्याआधीची तयारी

आलेखाचा कागद, पेन्सिल, कॅल्क्युलेटर हे तर लागेलच, त्यावर वेळ घालवत नाही. एकाच वायूच्या रेणूंच्या चाली दोन वेगवेगळ्या तापमानांना कशा वाटल्या जातात हे एकाच कागदावर दाखवायचं असेल, तर सगळ्यात आधी कागदाच्या वरच्या कोपऱ्यात ठळक लिहून ठेवा: दोन्ही वक्रांखालचं क्षेत्रफळ सारखंच. मागच्या वेळी माझं नेमकं हेच राहिलं. जास्त तापमानाचा वक्र मी नुसता उजवीकडे ताणला आणि उंची तीच ठेवली. आकृती दिसायला छान होती, पण साफ चुकीची. वक्राखालचं क्षेत्रफळ म्हणजे सगळे रेणू मिळून होणारा पूर्ण १ हा भाग. वायू तापवला म्हणून डब्यातले रेणू वाढत नाहीत, त्यामुळे क्षेत्रफळही वाढता कामा नये. वाळूचा ढीग हाताने पसरला की तो रुंद होतो आणि त्याच मापात खाली बसतो, तसंच इथे व्हायला हवं.

आता वायू ठरवा. नायट्रोजन घ्या, आकडे सोयीचे येतात. तापमानं ३०० केल्व्हिन आणि १२०० केल्व्हिन. तापमान केल्व्हिनमध्येच हवं. २७ अंश सेल्सिअसचे ५४ केले म्हणजे तापमान दुप्पट झालं असं धरून चाललात तर पुढचं सगळं वाया जाईल, कारण ते ३०० वरून फक्त ३२७ वर गेलेलं असतं. मोलर वस्तुमान किलोग्रॅममध्ये, म्हणजे ०.०२८. तिथे २८ घातलंत तर उत्तर सुमारे १३ मीटर प्रतिसेकंद येतं. तसं आलं की लगेच मागे फिरा. साध्या हवेतल्या रेणूंच्या चाली काहीशे मीटर प्रतिसेकंद असतात, एवढा अंदाज आधीपासून डोक्यात असू द्या.

सूत्र एकच पुरे: v_p = √(2RT/M). ही सर्वाधिक संभाव्य चाल, म्हणजे शिखराच्या बरोबर खाली येणारी चाल. R साठी ८.३१४ घ्या. ३०० केल्व्हिनला ४२२ मीटर प्रतिसेकंद येते आणि १२०० ला ८४४. तापमान चौपट झालं तरी चाल दुप्पटच, कारण तापमान वर्गमुळात आहे. सरासरी चाल वेगळी असते. ती v_p च्या १.१३ पट असते आणि वर्गमाध्यमूळ चाल, म्हणजे चालींच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ, १.२२ पट. वक्राची उजवी शेपटी लांब असल्यामुळे या दोन्ही शिखराच्या उजवीकडे पडतात. गतिज ऊर्जेसाठी वर्गमाध्यमूळ, शिखरासाठी v_p. या दोघींची अदलाबदल करू नका.

उभ्या अक्षावर काय लिहायचं तेही आधीच ठरवा, कारण बरेच जण तिथे ‘रेणूंची संख्या’ लिहून मोकळे होतात. काटेकोरपणे बोलायचं तर अचूक ४२२ मीटर प्रतिसेकंद चालीचे रेणू शून्यच. मोजता येतात ते एखाद्या पट्ट्यातले. म्हणून उभ्या अक्षावर ‘दर एक मीटर प्रतिसेकंद रुंदीच्या पट्ट्यातला रेणूंचा भाग’ येतो. शिखराची उंची ०.८३ ला v_p ने भागून मिळते. ३०० केल्व्हिनला ०.००१९७. म्हणजे ४२२ च्या आसपासच्या १० मीटर प्रतिसेकंदाच्या पट्ट्यात जेमतेम २ टक्के रेणू सापडतात. ‘सर्वाधिक संभाव्य’ असूनही एवढेच. १२०० केल्व्हिनला हीच उंची ०.०००९८, बरोबर निम्मी. शिखर दुप्पट लांब गेलं आणि निम्म्या उंचीवर आलं. क्षेत्रफळ तेच. हे पुन्हा सांगतो आहे कारण हात आपोआप उंच शिखर काढायला जातो. ‘जास्त तापलं म्हणजे जास्त काहीतरी’ ही मनातली ओढ पेन्सिलीत उतरते.

बिंदूंसाठी दोन वेगळे तक्ते करत बसू नका. v_p च्या पटीत मोजलं तर आकार कुठल्याही तापमानाला एकच असतो. अर्ध्या v_p ला उंची शिखराच्या ५३ टक्के, दीडपटीला ६४, दुप्पटीला २०, अडीचपटीला ३ आणि तिप्पटीला अर्ध्या टक्क्याच्याही खाली. शून्याला शून्य. उगमबिंदूपाशी वक्र सरळ रेषेसारखा उठत नाही, तळाला चिकटून हळूच वर वळतो, कारण तिथे चालीचा वर्ग राज्य करतो. अगदी मंद चाल असायला तिन्ही दिशांना एकदमच मंद असावं लागतं आणि तसे रेणू थोडेच. उजवीकडे मात्र वक्राच्या सूत्रातलं घातांकी पद सगळं दाबून टाकतं. डावी-उजवी बाजू सारखी काढलीत तर ती चूक लांबूनही दिसते.

आडवा अक्ष २६०० पर्यंत न्या, नाहीतर १२०० ची शेपटी कागदाबाहेर जाते, मग क्षेत्रफळ तपासणार कसं? आणि ते तपासायचंच आहे. वरच्या टक्केवाऱ्या दशांशात लिहून, शिखराचा १ धरून बेरीज करा, सुमारे २.४ येते. तिला बिंदूंमधल्या अंतराने आणि शिखराच्या उंचीने गुणा. ३०० केल्व्हिनला २.४ × २११ × ०.००१९७, जवळजवळ १. १२०० ला २.४ × ४२२ × ०.०००९८, पुन्हा जवळजवळ १. माझ्या जुन्या आकृतीला हीच तपासणी लावली तर २ येतात, म्हणजे तापवल्याबरोबर डब्यात दुप्पट रेणू! दोन मिनिटांचं काम आहे. वगळू नका.

दुसरी खूण म्हणजे दोन्ही वक्र उगमबिंदू सोडून एकदाच छेदतात, या जोडीत सुमारे ७०३ मीटर प्रतिसेकंदाला, दोन शिखरांच्या मधे. तुमचे वक्र कुठेच छेदत नसतील तर एकाचं क्षेत्रफळ नक्की जास्त आहे.

शेपटी रंगवायची असेल तर १००० च्या पुढची रंगवा. ३०० केल्व्हिनला तिथे १ टक्क्याच्या आसपास रेणू, १२०० ला सुमारे ४२ टक्के. शिखर दुपटीनेच हललं, शेपटी चाळीसपट फुगली. दोन्ही भाग एकाच रंगात रंगवा.

३०० आणि ३१० अशी जोडी मुळीच घेऊ नका. v_p ४२२ वरून ४२९ होते आणि वक्र एकमेकांवर चढतात.

वायू बदलायचा असेल तर हेलियम. M ०.००४, ३०० केल्व्हिनलाच v_p १११७, उंची ०.०००७४. तापमान तेच, तरी वक्र रुंद आणि बुटका. क्षेत्रफळ इथेही १ यायला हवं, तेवढं मोजून घ्या.