बाजार, बिल आणि परतीचे पैसे: चौथीची शाब्दिक उदाहरणे काढताना या चुका टाळा

आधी हे उदाहरण बघा. ‘आईने १६४ रुपयांचा किराणा घेतला. दुकानदाराला २०० रुपयांची नोट दिली. तर किती रुपये परत मिळतील?’ दिसायला सरळ. चौथीच्या वर्गात फळ्यावर असली उदाहरणे रोज लिहिली जातात. उत्तर ३६. आता वर्गातल्या चार-पाच लेकरांच्या वहीत १६४ हेच उत्तर आले, तर त्यांचे काय चुकले?

सहज वाटते की त्यांनी बिलाचाच आकडा उतरवला आणि पुढे वजाबाकी केलीच नाही. काहींचे तसे झालेलेही असते. पण काहींनी वजाबाकी इमानदारीने केलेली असते. शून्यातून चार जात नाहीत, म्हणून चारातून शून्य घालवले आणि ४ लिहिले. शून्यातून सहा जात नाहीत, म्हणून तिथे ६ लिहिले. दोनातून एक गेला, १ उरला. उत्तर १६४. ही उलटी वजाबाकी, म्हणजे वर-खाली न बघता मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा. गंमत अशी की २०० रुपये दिले आणि बिल १०१ ते १९९ यांपैकी काहीही असले, तरी उलट्या वजाबाकीने बिलाचाच आकडा परत येतो. दोन अगदी वेगळ्या चुका, उत्तर मात्र एकच. वही तपासताना आपण लाल फुली मारतो आणि ‘नीट वाच’ म्हणून सांगतो. ज्याला हातचा घेता येत नाही त्याला नीट वाचून काय मिळणार?

उदाहरण काढणाऱ्याची पहिली चूक हीच: आकडे मनात येतील तसे टाकणे. वरच्या उदाहरणात फक्त नोट बदला आणि २०० च्या जागी ५०० करा. बरोबर उत्तर ३३६. आता कोणाची गाडी कुठे अडली ते वहीवरून लगेच कळते. बिल उतरवणाऱ्याचे १६४ येईल, उलटी वजाबाकी करणाऱ्याचे ४६४. ज्याने शतकाकडून हातचा घेतला पण दशकाने एककाला दिलेला दहा वजा केला नाही, त्याचे ३४६. ज्याने शतकाचे पाच तसेच ठेवले, त्याचे ४३६. आणि आकडे दिसले की बेरीज करणारा एखादा असतोच, त्याचे ६६४. मी उदाहरण फळ्यावर लिहिण्याआधी अशी चुकीची उत्तरे वहीच्या कोपऱ्यात काढून ठेवतो. दोन चुकांचे उत्तर एकच येत असेल तर आकडा बदलतो. दोन मिनिटांचे काम आहे, पण नंतरच्या तपासणीचा अर्धा वेळ वाचतो.

दुसरी चूक पायऱ्यांची. ‘सोपे ते अवघड’ म्हणताना बहुतेक जण आकडे मोठे करत जातात. आधी दोन अंकी, मग तीन अंकी, मग रुपये-पैसे. पण चौथीतल्या लेकराला आकड्याच्या लांबीपेक्षा न विचारलेला प्रश्न जास्त अडवतो. ‘परत किती मिळतील’ एवढेच विचारलेले असते, ‘बिल किती झाले’ हे त्याने स्वतःलाच विचारायचे असते. म्हणून मी पायरी मोजतो ती या झाकलेल्या प्रश्नांवरून, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलतो.

तोच किराणा घेऊन बघू. पहिल्या पायरीवर बिल आयते दिलेले: १६४ चा किराणा, दिले ५००, परत किती? दुसऱ्या पायरीवर साखर ८८ रुपये, शेंगदाणे ७० रुपये, काडेपेट्या ६ रुपये, आणि दोन प्रश्न लिहिलेले: एकूण बिल किती झाले? ५०० दिले तर परत किती? तिसऱ्या पायरीवर मजकूर तोच, फक्त मधला प्रश्न खोडून टाकायचा. खरी चढण इथे आहे. आकडा एकही वाढलेला नसतो, तरी ५०० मधून नुसते ८८ वजा करून थांबणारी लेकरे इथेच दिसतात. अशा लेकराला वजाबाकीची आणखी दहा गणिते देऊन फरक पडत नाही. ‘दुकानदाराला कितीचे देणे लागते?’ हा प्रश्न त्याच्याकडून पेन्सिलने मधल्या ओळीत लिहून घ्यावा. आठवडाभर हा नेम ठेवावा, मग ओळ न लिहिताही त्याला ती दिसू लागते.

चौथ्या पायरीवर वस्तूंची किंमत जाते आणि दर येतो: साखर ४४ रुपये किलो, २ किलो घेतली. शेंगदाणे १४० रुपये किलो, अर्धा किलो घेतले. काडेपेटी २ रुपयांना एक, ३ घेतल्या. उत्तर पुन्हा ३३६. इथे कोणी ३१४ लिहिले तर समजायचे की त्याने ४४, १४० आणि २ हे दरच जोडले, नग आणि किलो बघितलेच नाहीत. २६६ आले तर बाकी सगळे जमले, फक्त अर्धा किलो शेंगदाण्याला पूर्ण १४० लावले. या दोघांना एकच शिकवण देऊन भागत नाही. पहिल्याला ‘किती घेतले’ याखाली रेघ मारायला लावा. दुसऱ्याला निम्मे करण्याचा सराव द्या: १४० चे ७०, ९० चे ४५, ५० चे २५. (वर्गात एका पायरीवरून दुसरीवर जाताना आकडे जरूर बदला, नाहीतर लेकरे मागचे ३३६ पाहून लिहितात. इथे तुलना सोपी व्हावी म्हणून तेच ठेवले.)

अर्ध्या किलोवरून आठवले. आठवडी बाजाराच्या गावात हमखास घडणारी एक गोष्ट आहे. उदाहरण होते: ‘टोमॅटो ४० रुपये किलो, तर अर्धा किलोचे किती?’ वर्गातल्या एका पोरीने २५ लिहिले. तिची आई बाजारात भाजी घेऊन बसते. मी विचारले, निम्मे किती होतात? ती म्हणाली, “वीस होतेत सर, पण अर्धा किलोला पंचवीसच घेतेत.”

तिचे काय चुकले? काहीच नाही. किलोला चाळीस, अर्ध्याला पंचवीस, पावशेरला पंधरा हा आपल्याकडच्या बाजाराचा रोजचा भाव आहे. थोडे घेणाऱ्याला माल महागच पडतो. ज्याने बाजार पाहिलाय त्याला पुस्तकातली निम्मी किंमत खोटी वाटते, आणि बाजार न पाहिलेला मात्र पैकीच्या पैकी गुण घेऊन जातो. म्हणून भाजीपाल्याच्या उदाहरणात ‘अर्ध्या किलोला निम्मेच पैसे घेतले’ हे वाक्य लिहावे, किंवा अर्धा-पाव किलोचा हिशेब साखर, डाळ, शेंगदाणे अशा किराण्यावर ठेवावा. केळी डझनाने आणि जुड्या नगाने विकल्या जातात, तिथे ही अडचण येत नाही. अर्धापूरच्या बाजूची केळी ६० रुपये डझन धरून २ डझन घ्या, हवे तर. आणि पोरीच्या पंचवीसचेही एक चांगले उदाहरण होते: किलो ४० ला, अर्धा किलो २५ ला. दोनदा अर्धा-अर्धा किलो घेण्याऐवजी एकदम किलो घेतला तर किती वाचतील? दहा रुपये. हे उदाहरण तिलाच फळ्यावर सोडवायला सांगितले.

पैशांच्या किमती लिहिणे मात्र थांबवावे असे माझे मत आहे. ‘पेन ७ रुपये ३५ पैसे’ असे अजून कुठे कुठे छापलेले दिसते. २५ पैशांचे आणि त्याखालचे नाणे २०११ सालीच चलनातून गेले. पन्नास पैसे कायद्याने चालतात, पण बाजारात कोणी घेत नाही. ३५ पैसे लेकराने कधी हातात धरलेले नाहीत. रुपये-पैशांचे रूपांतर शिकवायचे तर वेगळे शिकवा, परतीच्या पैशांत ते घुसडू नका.

आता शब्दांकडे. ‘परत’ किंवा ‘उरले’ दिसले की वजाबाकी, ‘एकूण’ दिसले की बेरीज, असे लेकरांना शिकवले जाते. चाचणीपुरते ते चालूनही जाते. मग हे उदाहरण द्या: ‘भाजी १६५ रुपयांची झाली. भाजीवालीने ३५ रुपये परत दिले. आईने कितीची नोट दिली होती?’ निम्मा वर्ग १६५ मधून ३५ वजा करून १३० लिहितो. इथे रागवू नका, एवढेच विचारा: “१३० ची नोट पाहिली का कोणी?” हसू फुटते आणि लेकरे स्वतःच परत वाचायला घेतात. नोटा १०, २०, ५०, १००, २०० आणि ५०० च्या. दिलेली नोट यांपैकीच एक आहे का, परत आलेली रक्कम दिलेल्यापेक्षा कमीच आहे ना, एवढे दोन प्रश्न उत्तराखाली विचारण्याची सवय लावली की ४६४ पकडले जात नसले तरी ६६४ आणि १३० लेकरेच पकडतात.

उरलेले ४६४ पकडायला बाजाराची रीत कामी येते. दुकानदार वजाबाकी मांडत नाही. तो बिलापासून वर मोजत जातो: १६४ ला ६ दिले, झाले १७०. ३० दिले, २००. ३०० दिले, ५००. मोजून दिलेले ६, ३० आणि ३०० मिळून ३३६. हातच्याचा प्रश्नच येत नाही. दुसरी युक्ती, ५०० ऐवजी ४९९ मधून १६४ वजा करा, ३३५ येतील, त्यात एक मिळवा. पण हातच्याची वजाबाकी सोडून नुसते हेच शिकवू नये. उभ्या मांडणीचे उत्तर वर मोजून ताडून पाहायला ही रीत ठेवावी. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत तर लेकरू आपणहून चूक शोधायला बसते.

एक बारीक बाब: उदाहरण तोंडी सांगताना एकोणसत्तर म्हटले की काही वह्यांत ७९ उतरते. तिथे गणित बरोबर असून उत्तर चुकते. म्हणून आकडा आधी फळ्यावर लिहावा.

या पायऱ्या चढलेल्या लेकरांसाठी शेवटचे उदाहरण बाजारातूनच घ्यावे. बिल १६४. आईने ५०० ची नोट दिली. दुकानदार म्हणाला, “मावशी, चार रुपये सुट्टे द्या.” आईने चार रुपये दिले. आता परत किती? हुशार म्हणवणारी लेकरेही ३३६ मधून ४ घालवून ३३२ सांगतात. खेळण्यातल्या नोटा देऊन दोघांना दुकानदार आणि गिऱ्हाईक करा. टेबलावर ५०४ ठेवले गेले, त्यातले १६४ दुकानदाराने ठेवून घेतले, ३४० परत आले. मग विचारा, हे ३४० त्याने कोणत्या नोटांत दिले असतील, आणि त्याला चार रुपये का हवे होते?