टायपिंग वर्गाचा आठवडा आखताना या चुका टाळा

नागपुरात वस्तीच्या समाजभवनात दुपारी एक ते अडीच चालणारा वर्ग डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. येणाऱ्या बायका आठ-दहा वर्षं घर सांभाळून पुन्हा नोकरी शोधणाऱ्या. त्यांना घाई असते, म्हणून वर्ग घेणारेही घाई करतात आणि फळ्यावर पहिल्याच सोमवारी लिहितात: ‘शुक्रवारपर्यंत मिनिटाला १५ शब्द’. बहुतेक गडबड इथेच सुरू होते.

वेगाचं लक्ष्य आधी देणं

वेग मागितला की मान खाली जाते. बाई अक्षर शोधून दाबते, पडद्याकडे बघते, चूक दिसली की Backspace, की पुन्हा मान खाली. आकडा वाढतो, पण बोटांना जागा कळत नाहीत. ओळखायची सोपी खूण: तिच्या हातांवर रुमाल टाका. वेग निम्म्यावर आला तर ती अजून बघूनच टाइप करते आहे.

लक्ष्य अचूकतेचं द्या, आणि ९५ टक्क्यांवर समाधान मानू नका. परीक्षेत ९५ गुण म्हणजे कौतुक, पण इथे त्याचा अर्थ दर वीस ठोक्यांना एक चूक. पाच ठोक्यांचा एक शब्द धरतात, म्हणजे जवळपास प्रत्येक चौथा शब्द चुकलेला. ९८ टक्के, म्हणजे पन्नास ठोक्यांत एक चूक, हे किमान धरा.

समजा शुक्रवारच्या पाच मिनिटांच्या चाचणीत एका ताईंचे ७५० ठोके झाले, ३० चुका. ७५० म्हणजे १५० शब्द, मिनिटाला ३०. दर चुकीला एक शब्द वजा केला तर उरतात १२०, म्हणजे निव्वळ वेग २४. शेजारच्या काकूंचे ६०० ठोके, ६ चुका: १२० वजा ६, म्हणजे ११४, वेग जवळपास २३. फरक एका शब्दाचा! पण पुढच्या आठवड्यात काकूंचं लक्ष्य दोन-तीन शब्दांनी वाढवता येईल, ताईंचं नाही. सलग दोन चाचण्यांत ९८ टक्के आल्याशिवाय कुणाचंच वाढवू नका.

चुका मोजून सोडून देणं

ताईंच्या ३० चुकांची यादी करा. बऱ्याचदा दिसतं की E च्या जागी I आणि I च्या जागी E पडतंय. दोन्ही अक्षरं मधल्या बोटांची, एक डाव्या हाताचं, एक उजव्या. बोट बरोबर निवडलं जातं, हात चुकतो. यावर परिच्छेद पुन्हा पुन्हा मारून उपयोग नाही. their, field, piece, receive असे शब्द दहा मिनिटं, अगदी सावकाश. सरावात Backspace बंद ठेवा, नाहीतर चुकांचा पुरावाच पुसला जातो.

त्यामुळे आठवडा असा बसतो: सोमवारी फक्त उजळणी, कारण शनिवार-रविवार घरी बहुतेकींकडे कीबोर्ड नसतो आणि मोबाइलवरच्या टायपिंगने दहा बोटांचा सराव होत नाही. मंगळवारी नवी अक्षरं, चारपेक्षा जास्त नकोत. बुधवारी त्याच अक्षरांचे शब्द. गुरुवारी ज्याच्या-त्याच्या चुकांचा सराव, शुक्रवारी चाचणी. चाचणीचा उतारा न पाहिलेलाच हवा. ओळखीचा उतारा पाठ होतो आणि आकडा फसवतो.

‘बोटं ऐकतच नाही न मॅडम’ अशी तक्रार आली तर आधी खुर्ची बघा. समाजभवनातली टेबलं जेवणावळीची, उंच. खुर्च्या प्लास्टिकच्या, ठेंगण्या. खांदे वर चढलेले असतील तर खाली उशी द्या. बांगड्या टेबलाच्या कडेला आपटत असतील, तर मनगट टेकलेलं आहे हे आवाजावरूनच कळतं.

मराठी आणि इंग्रजी एकाच आठवड्यात सुरू करणं

लिपिक-टंकलेखकाच्या जाहिरातीत मराठीचे ३० किंवा इंग्रजीचे ४० शब्द मागतात, म्हणून दोन्ही हवंसं वाटतं. एक भाषा २० च्या वर स्थिरावू द्या, मग दुसरी. मराठीतही कळफलक रेमिंग्टन की इनस्क्रिप्ट हे पहिल्याच दिवशी ठरवा. ‘कि’ लिहायला रेमिंग्टनमध्ये आधी F, मग D; इनस्क्रिप्टमध्ये आधी K, मग F. एका संगणकावर एक, दुसऱ्यावर दुसरा असं झालं तर ऱ्हस्व वेलांटी महिनाभर भलत्याच अक्षराला लागते. जिला परीक्षेचं प्रमाणपत्र हवं आहे, तिने त्या परीक्षेचा कळफलक कोणता ते विचारूनच सुरुवात करावी.

आणखी एक, आपल्याकडचं. महालक्ष्म्यांच्या आठवड्यात नवी अक्षरं घेऊ नका. निम्मा वर्ग पुरणात असतो, आणि आलेल्यांना पुढे नेलं तर परतलेल्या बायका पुन्हा बघून टाइप करायला लागतात. तो आठवडा सगळा उजळणीचा ठेवा, चाचणीही पुढे ढकला.